आवर्ती ठेवीचे व्याज : चमत्कार नव्हे, हिशेब

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण सर्वांनी बालवाचनापासून पाठ केलेली आहे. परंतु तळे साचण्यास थेंबांखेरीज आणखी एक गोष्ट लागते व ती म्हणजे काळ. या दुसऱ्या गोष्टीविषयी म्हण मौन बाळगते. पहिल्यानेच पैसे साठवू लागणाऱ्या मुलामुलींस वडीलधारी मंडळी चक्रवाढ व्याजाचे माहात्म्य मोठ्या कौतुकाने सांगतात. ‘व्याजावर व्याज चढते, पैसा आपोआप वाढतो’ असे ऐकून मूल पोस्टाच्या खिडकीशी जाते आणि पाच वर्षांनी हाती आलेली रक्कम पाहून हिरमुसते. आमचे स्पष्ट मत असे आहे की, नवशिक्या बचतदारास चक्रवाढीची स्तुती ऐकविण्यापूर्वी तिचा हिशेब शिकवावा. स्तुतीने आशा वाढते, हिशेबाने समज वाढते. आणि ज्याला समज आहे तोच खाते शेवटपर्यंत चालवितो.

हा हिशेब मोघम बोलून कळणार नाही, म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पोस्ट ऑफिसात पाच वर्षे मुदतीची आवर्ती ठेव असते. तीत दरमहा निदान १०० रुपये भरावयाचे असतात आणि असे ६० हप्ते पूर्ण झाले म्हणजे मुद्दल व व्याज एकत्र मिळते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास किंवा मुलीस हे खाते स्वतःच्या नावे उघडता येते. त्याहून लहानांसाठी पालक उघडतात. व्याजाचा दर सरकार ठरविते व दर तीन महिन्यांनी त्याचा फेरविचार होतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेला दर द.सा.द.शे. ६.७ होता व त्यावर तिमाही चक्रवाढ होते. तोच दर आम्ही उदाहरणासाठी घेत आहोत. खाते उघडते दिवशी जो दर असेल तोच पुढे पाचही वर्षे त्या खात्यास लागू राहतो. म्हणून आपला दर कोणता, हे पहिल्याच दिवशी खिडकीवर विचारून वहीत लिहून ठेवावे.

समजा, आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीने असे शंभर रुपयांचे खाते उघडले आहे. पाच वर्षांत ती एकूण ६,००० रुपये भरील. शाळेत तिने चक्रवाढ व्याजाचे सूत्र नुकतेच शिकलेले आहे. ती वहीत ६,००० रुपये मुद्दल मांडते, दर ६.७, मुदत ५ वर्षे, तिमाही आकारणी असे लिहिते व उत्तर काढते : रास ८,३६४ रुपये. गणित अचूक आहे. गुणाकारात कोठेही दोष नाही. परंतु पाच वर्षांनी पोस्टातून तिला मिळतील सुमारे ७,१३७ रुपये. बाराशेहून अधिक रुपये गेले कोठे? कोणी लबाडी केली काय?

कोणीही लबाडी केलेली नाही. आपल्या सूत्रात सर्व रक्कम पहिल्याच दिवशी ठेवलेली असते. आमच्या विद्यार्थिनीने मात्र पहिल्या दिवशी केवळ शंभर रुपये ठेवले. दुसरे शंभर महिन्याने, तिसरे दोन महिन्यांनी, आणि शेवटचे शंभर तर मुदत संपण्यापूर्वी अवघा एक महिना. आवर्ती ठेव ही एक ठेव नव्हे, तर ती साठ स्वतंत्र ठेवींची माळ आहे व या माळेतील प्रत्येक मण्याची मुदत निराळी आहे. पहिला हप्ता साठ महिने कामावर असतो. त्याचे १०० रुपयांचे १३९ रुपये ४१ पैसे होतात. शेवटचा हप्ता एकच महिना कामावर असतो. त्याचे १०० रुपये ५६ पैसे होतात. एकाच घरातून, एकाच हाताने, एकाच खिडकीवर भरलेल्या दोन नोटा. परंतु एकीने ३९ रुपयांहून अधिक मिळविले, तर दुसरीने छप्पन्न पैसे. हा फरक दराचा नाही. दोघींना दर एकच होता. फरक केवळ काळाचा आहे.

हे अधिक सोपे करून पाहण्याची एक जुनी, व्यापारी पेढ्यांवरील मुनीमांच्या परिचयाची रीत आहे. ‘शंभर रुपये एक महिना’ हे एक माप धरावे. पहिल्या हप्त्याची अशी ६० मापे, दुसऱ्याची ५९, तिसऱ्याची ५८, असे करीत शेवटच्याचे १. या सर्वांची बेरीज होते १,८३०. याउलट ६,००० रुपये एकरकमी ठेवले असते, तर साठ शेकड्यांची प्रत्येकी साठ महिने, म्हणजे ३,६०० मापे झाली असती. म्हणजे आवर्ती ठेवीत आपला पैसा जेमतेम अर्ध्या कामाइतका राबतो. मजुराने अर्धाच काळ काम केले असता त्यास पूर्ण मजुरी मिळाली नाही म्हणून कोणी तक्रार करीत नाही. तशीच ही गोष्ट आहे.

एका मापाचे, म्हणजे शंभर रुपयांचे एका महिन्याचे, सरळ व्याज ६.७ च्या दराने सुमारे ५६ पैसे पडते. १,८३० मापांचे मिळून ते १,०२१ रुपये ७५ पैसे होते. आता पोस्ट प्रत्यक्षात देते ते व्याज आहे सुमारे १,१३७ रुपये. यांतील अंतर ११५ रुपयांचे. आणि ज्या चक्रवाढीचा एवढा गाजावाजा होतो, तिने पाच वर्षांत केलेली कमाई ती हीच. एक हजार बावीस रुपये सरळ व्याजाने दिले आहेत व एकशे पंधरा रुपये व्याजावरील व्याजाने. हे वाचून कोणाचा विरस झाला, तर आम्हांस त्याचे दुःख नाही. खोट्या अपेक्षेचा विरस आजच झालेला बरा. पाच वर्षांनी होऊ नये.

व्याजावर व्याज कसे चढते, तेही पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. पहिल्या तिमाहीत तीन हप्ते पडतात. पहिला तीन महिने, दुसरा दोन, तिसरा एक; मिळून सहा मापे, व त्यांचे व्याज ३ रुपये ३५ पैसे. तिमाही संपताच हे व्याज मुद्दलात मिसळते व खात्यावर ३०३ रुपये ३५ पैसे धरले जातात. दुसऱ्या तिमाहीत या संपूर्ण रकमेवर तीन महिन्यांचे, म्हणजे शेकडा १.६७५ प्रमाणे, ५ रुपये ८ पैसे मिळतात. नव्या तीन हप्त्यांचे पुन्हा ३ रुपये ३५ पैसे. एकूण ८ रुपये ४३ पैसे. आता यात व्याजावरील व्याज किती? मागच्या ३ रुपये ३५ पैशांवरील तीन महिन्यांचे व्याज, म्हणजे साडेपाच पैशांच्या आसपास. चक्रवाढीचा जन्म असा साडेपाच पैशांत होतो! पहिले वर्ष संपते तेव्हा खात्यावर १,२४४ रुपये २३ पैसे असतात. सरळ व्याजाने १,२४३ रुपये ५५ पैसे झाले असते. वर्षभराच्या चक्रवाढीची मिळकत अडुसष्ट पैसे.

परंतु हेच रोपटे सोडून न देता पुढे पाहावे. विसाव्या, म्हणजे शेवटच्या तिमाहीत खात्यावरील मागील शिल्लक ६,७२१ रुपयांच्या घरात गेलेली असते व त्या एका तिमाहीचे व्याज सुमारे ११६ रुपये होते. व्याज मुद्दलात मिसळत नसते तर ते ९९ रुपयांच्या जवळपास राहिले असते. जो फायदा दुसऱ्या तिमाहीत साडेपाच पैसे होता, तो विसाव्या तिमाहीत सतरा रुपये झाला. चक्रवाढ नाही असे आमचे म्हणणे नाही. ती आहे, परंतु तिला वयात येण्यास वेळ लागतो, आणि पाच वर्षांची आवर्ती ठेव संपते ती ती नुकती चालू लागली असतानाच.

म्हणून आमचा पहिला आग्रह असा की, मुदत पूर्ण होताच पैसे काढून घेण्याची घाई करू नये. पोस्टाच्या नियमांप्रमाणे अर्ज देऊन हे खाते आणखी पाच वर्षे चालविता येते व वाढीव मुदतीतही खाते उघडतानाचाच दर लागू राहतो. आमच्या विद्यार्थिनीने तसे केले व हप्ते चालू ठेवले, तर दहा वर्षांत ती १२,००० रुपये भरील व तिला सुमारे १७,०८५ रुपये मिळतील. भरणा दुप्पट झाला. परंतु व्याज १,१३७ वरून ५,०८५ झाले, म्हणजे दुपटीने नव्हे तर जवळजवळ साडेचार पटींनी वाढले. यांपैकी सरळ व्याज सुमारे ४,०५३ रुपयांचे आहे व उरलेले १,०३० च्या आसपास रुपये चक्रवाढीचे आहेत. पहिल्या पाच वर्षांत एकशे पंधरा, दहा वर्षांत एक हजारावर! हप्ता एक रुपयानेही वाढविला नाही, दरही वाढला नाही. वाढला तो काळ. मात्र हेही ध्यानात असावे की, दहा वर्षांनी बाजारभाव आजचे राहणार नाहीत. सतरा हजारांत आज जेवढी पुस्तके येतात, तेवढी तेव्हा येणार नाहीत. व्याजाचा काही भाग महागाईच्या खड्ड्यात जातोच; गल्ल्यात ठेवलेला पैसा मात्र सर्वच्या सर्व त्या खड्ड्याच्या काठावर उभा असतो.

आमचा दुसरा आग्रह हप्त्याच्या तारखेविषयी आहे. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खाते उघडले असेल, तर पुढील प्रत्येक हप्ता त्या त्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. १६ तारखेस किंवा त्यानंतर उघडले असेल, तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. हप्ता चुकला तर शंभर रुपयांस दरमहा एक रुपया दंड पडतो. ‘एकच रुपया ना!’ असे म्हणून पुष्कळजण हसण्यावारी नेतात. आता वरचे माप आठवा : शंभर रुपये महिनाभर राबून ५६ पैसे मिळवितात. म्हणजे एक महिन्याचा आळस हा त्याच शंभर रुपयांच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या कमाईस गिळून टाकतो. लागोपाठ चार हप्ते चुकले तर खाते खंडित होते व चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांच्या आतच ते पुन्हा चालू करून घेता येते. चुका चारांहून अधिक नसतील, तर जेवढे हप्ते चुकले तेवढे महिने मुदत पुढे वाढवून घेण्याचीही सोय आहे. परीक्षेच्या दिवसांत किंवा मे महिन्याच्या सुटीत आजोळी जाताना हप्ता राहून जातो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणजे जाण्यापूर्वीच पुढील हप्ता भरून ठेवणे. आगाऊ हप्ते पोस्ट स्वीकारते, आणि सहा किंवा त्याहून अधिक हप्ते एकदम भरल्यास थोडी सूटही देते.

तिसरी गोष्ट मध्येच खाते मोडण्याची. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर मुदतीपूर्वी खाते बंद करता येते. परंतु मग व्याज आवर्ती ठेवीच्या दराने मिळत नाही, ते साध्या बचत खात्याच्या दराने मिळते. तो दर ४ टक्के धरला, तर चार वर्षांनी खाते मोडणाऱ्यास व्याजाचे सुमारे ४०० रुपये मिळतील. वास्तविक त्या चार वर्षांत मूळ दराने ७१४ रुपयांच्या आसपास व्याज साठलेले असते. मुदतीच्या एक दिवस आधी मोडले तरी हाच नियम. सायकल घ्यावयाची आहे, सहलीस जावयाचे आहे, अशा कारणांसाठी चौथ्या वर्षी खाते मोडणारा विद्यार्थी त्या वस्तूची किंमत तर देतोच, शिवाय तीनशेहून अधिक रुपये न दिसणाऱ्या खिशातून देतो. घरात खरोखरच अडचण उभी राहिली, तर वर्षभर बारा हप्ते नियमित भरलेल्या खात्यावर शिलकेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. त्यास ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज पडते. मोडणे व कर्ज काढणे यांपैकी स्वस्त कोणते, याचा हिशेब कागदावर मांडून मगच पाऊल उचलावे.

येथे कोणी विचारील, ‘एवढा खटाटोप करून पाच वर्षांत अकराशे रुपये, आणि चक्रवाढीचे म्हणाल तर एकशे पंधरा! मग आम्ही भिशी का लावू नये? अथवा जो अधिक देतो म्हणतो त्याच्याकडे पैसे का ठेवू नयेत?’ प्रश्न रास्त आहे. आम्हां बेळगावकरांना दारोदार फिरून पैसे गोळा करणारी पिग्मी परिचित आहे. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने १९२८ साली ही पद्धत सुरू केली, व रोज थोडे बाजूस काढण्याची सवय तिने कित्येक लहान दुकानदारांस लाविली. भिशीही शिस्त लावते. परंतु साध्या भिशीत पैसा फक्त फिरतो, वाढत नाही. ज्याची पाळी आधी येते त्यास दुसऱ्यांचे पैसे बिनव्याजी वापरावयास मिळतात. ज्याची शेवटी येते त्याचे पैसे दुसरे वापरतात.

आणि जो ‘अधिक’ देतो म्हणतो, त्याच्यापुढे आपले माप ठेवावे. समजा, एखादा म्हणाला, ‘दरमहा शंभर भरा, पाच वर्षांनी ६,००० चे ९,००० देतो.’ ऐकावयास हे ‘सालीना दहा टक्के’ वाटते, कारण ६,००० वर पाच वर्षांत ३,००० झाले. परंतु आपली मापे आहेत १,८३०. तीन हजार रुपये १,८३० मापांत वाटले, तर प्रत्येक मापास सुमारे १ रुपया ६४ पैसे पडतात, म्हणजे सरळ व्याजाने सालीना १९ टक्क्यांहून अधिक! एवढे व्याज देणारा ते मिळवितो कोठून, हा प्रश्न तत्काळ मनात उभा राहिला पाहिजे. ज्याला मापे मोजता येत नाहीत, त्याला पोस्ट कंजूस वाटते आणि भूलथापा देणारा माफक वाटतो. अज्ञानाने दोन्हीकडून तोटा होतो, तो असा.

म्हणून गणिताच्या तासाविषयीही आमची एक सूचना आहे. चक्रवाढीचे सूत्र अवश्य शिकवावे. परंतु त्याच्या जोडीला एका आवर्ती ठेवीचा तिमाही तक्ता प्रत्येक विद्यार्थ्याने स्वहस्ते मांडावा. कृती अवघड नाही. मागील शिल्लक घ्यावी. तिच्यावर शेकडा १.६७५ काढावे, नव्या तीन हप्त्यांचे ३०० रुपये व त्यांचे ३ रुपये ३५ पैसे मिळवावेत, झाली नवी शिल्लक. असे वीस वेळा केले की ७,१३७ च्या जवळपास पोचता येते. शेवटच्या काही पैशांत फरक पडला तर घाबरू नये. तो अपूर्णांक सोडण्याच्या व महिन्यांचे व्याज आकारण्याच्या रीतीमुळे पडतो. रुपयांत फरक पडला, तर मात्र आपला तक्ता पुन्हा तपासावा, आणि तो बरोबर निघाल्यास पासबुक घेऊन खिडकीवर जाऊन नम्रपणे विचारावे. चुकलेल्या हप्त्याची नोंद किंवा उशिरा पडलेली तारीख बहुधा तेथेच सापडते.

ज्यांनी अजून खाते उघडलेले नाही त्यांच्यासाठी या तक्त्यातील एकच आकडा येथे देतो. पाच वर्षांतील पहिल्या बारा हप्त्यांची मापे भरतात ६५४, आणि शेवटच्या बारा हप्त्यांची अवघी ७८. भरणा तोच, बाराशे रुपये. काम मात्र आठपटींहून अधिक. नोकरी लागल्यावर मोठा हप्ता भरू असे म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत, आणि मग या महिन्याच्या पंधरा तारखेस किती दिवस उरले आहेत ते दिनदर्शिकेत मोजावे.